सोळा लिटरचा पंप

रेझ्युमे वाचणं हे माझ्या नोकरीतलं मला सगळ्यांत नावडतं काम. एक वेळ मी माणगावच्या खाचरात गुडघाभर चिखलात दिवस काढीन, पण एसीत बसून चाळीस रेझ्युमे वाचायला लागले की माझं डोकं उठतं. कारण चाळीसही जण मेहनती असतात, चाळीसही जणांना टीममध्ये काम करायला आवडतं, आणि चाळीसही जणांनी शेतकऱ्यांचं उत्पादन पस्तीस टक्क्यांनी वाढवलेलं असतं. हे खरं असतं तर महाराष्ट्रात भात ठेवायला जागा उरली नसती.

मी लतिका प्रधान. परळच्या एका टॉवरमध्ये आमचं ऑफिस आहे. आमची कंपनी बियाणं आणि पिकांवरची औषधं विकते आणि ती शेतात नीट चालतात की नाही हे बघणं माझं काम. यंदा रोहा-माणगाव पट्ट्यासाठी एक फील्ड ऑफिसर हवा होता. जागा एकच. ती भरायची होती मी आणि आमच्या एचआरच्या सौमित्रने मिळून. सौमित्र गिरगावातला, तिशीचा, कपड्यांना कधी सुरकुती नाही. मुलगा वाईट नाही, पण त्याला भात आणि वरी यांतला फरक ताटात आल्यावरच कळतो.

"मॅडम, हा बघा," त्याने एक रेझ्युमे पुढे सरकवला. "घरची बारा एकर शेती, सगळ्या पिकांत पस्तीस टक्के वाढ. मला तर फायनल वाटतोय."

"सगळ्या पिकांत? कांद्यातही पस्तीस आणि हरभऱ्यातही पस्तीस?"

"हो ना. कन्सिस्टंट आहे."

नकारांच्या गठ्ठ्यात वरच एक रेझ्युमे होता, तो मी उचलला. नाव दीपिका गमरे. कृषी पदवीधर, नंतर दीड वर्ष माणगाव तालुक्यात एका संस्थेच्या भात प्रकल्पावर. पत्ता मात्र लालबागच्या चाळीचा. आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. आणि पत्त्याच्या खाली, देवाशपथ, लिहिलं होतं, उंची पाच फूट दोन इंच.

"ही नको," सौमित्र म्हणाला. "एक तर लग्नाचा बायोडेटा आणि रेझ्युमे मिक्स केलाय. दुसरं म्हणजे मुंबईची आहे, फील्डवर टिकणार नाही. आणि खाली वाचा, स्वतःच लिहिलंय की माझा सल्ला चुकला. असं कोण लिहितं?"

मी खाली वाचायला लागले आणि खुर्चीत जरा सरळ झाले. पीक-चाचण्यांखाली लिहिलं होतं: भाताचे चार वाण, तीन पुनरावृत्त्या. नवा वाण हेक्टरी एकेचाळीस क्विंटल, तुलनेसाठी लावलेला जुना वाण हेक्टरी चाळीस. फरक लक्षणीय नाही. यंत्रांखाली: पॉवर टिलर आणि भात लावणी यंत्र चालवता येतं. यंत्राला लागणारी चटईवरची रोपं तयार करता येतात. इंजिन उघडून दुरुस्ती येत नाही. 'देखरेख' या मथळ्याखाली: बारा शेतकऱ्यांच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर लावणीपासून झोडणीपर्यंत. आणि शेतकरी सल्ल्याखाली: पहिल्या हंगामात तुडतुड्यांवरच्या फवारणीचा सल्ला चुकला. कारण शोधलं. दुसऱ्या हंगामात दुरुस्त केला.

ते शेवटचं वाचून मला राग आला. फवारणीचा सल्ला चुकणं म्हणजे गंमत नव्हे. कुणाचं तरी पीक जातं. आणि राग यायला आणखी एक कारण होतं. त्याच रोहा-माणगाव पट्ट्यातून सप्टेंबरपासून माझ्या टेबलावर तक्रारी येत होत्या की आमचं तुडतुड्यांचं औषध 'लागत नाही'. औषध मी तपासून घेतलं होतं, चोख होतं. माझं मत असं, की लोक वरवर पानांवर मारतात. रस शोषणारे तुडतुडे बसतात खाली बुंध्याशी, मग लागणार कसं?

"हिला बोलाव," मी म्हटलं.

"मॅडम, खरंच?"

"मला बघायचंय, ही काय चुकली ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. बारीकशी, तेल लावून घट्ट वेणी, पायात शाळकरी वाटावेत असे काळे बूट. बसली ती खुर्चीच्या कडेवर. सौमित्रने सुरुवात केली.

"ही उंची कशासाठी लिहिलीये?"

ती लाजेने लाल झाली. "सर, आमच्या इथे बकुळाताईंचं टायपिंगचं दुकान आहे. त्यांच्याकडे लग्नाचेच बायोडेटा जास्त येतात. त्यांनी त्याच्यावरच माझं टाइप केलं. रास, नाडी काढायला लावली, उंची राहून गेली."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. सौमित्रने पुढचा प्रश्न टाकला. "घरची शेती किती?"

"नाही सर."

"गावी?"

"गावी घर आहे, मंडणगडला. जमीन नाही. कधीच नव्हती." मग म्हणाली, "पप्पा म्हणत होते गावचा पत्ता टाक, म्हणजे शेतकऱ्याची वाटशील. पण तिथे आम्ही राहतच नाही, तर कसा टाकू?"

सौमित्रने माझ्याकडे असं बघितलं, की बघा, मी म्हटलं नव्हतं? मी सरळ आकड्यांवर आले.

"हेक्टरी एकेचाळीस? बाकीच्यांचे रेझ्युमे बघ. पन्नास, पंचावन्नच्या खाली कुणी बोलत नाही. तुझंच भात का एवढं रोडावलेलं?"

मला वाटलं होतं ती गडबडेल. ती उलट खुर्चीत मागे सरकून नीट बसली.

"मॅडम, कडेच्या ओळी सोडून कापलंय आम्ही. कडेच्या रोपांना ऊन जास्त मिळतं, लोंब्या भरतात, त्या धरल्या की आकडा फुगतो. आणि कापल्या कापल्या वजन नाही केलं. वाळवून ओलावा चौदा टक्क्यांवर आणला, मग केलं. ओल्या दाण्याचं वजन लिहिलं असतं तर माझेपण पन्नासच्या जवळ गेले असते."

"मग लिहायचं ना," सौमित्र म्हणाला.

"पण ते पाण्याचं वजन आहे ना सर."

मला ती मुलगी तिथेच आवडली होती, हे आत्ता सांगायला हरकत नाही. पण रागही अजून गेला नव्हता. "आता ती चूक सांग," मी म्हटलं. "फवारणीची. काय केलंस?"

"शिफारशीत दिलं होतं, दहा लिटर पाण्यात वीस मिली. तेच मी सभेत सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. फवारणी मी स्वतः उभं राहून करून घेतली, बुंध्याशीच मारलं सगळ्यांनी. तरी आठ दिवसांनी तुडतुडे तसेच. लोक मला बोलायला लागले, शहरातनं आली न काय शिकवते. मलापण वाटलं औषधच डुप्लिकेट आहे."

"बुंध्याशी मारलं होतं?" मी मध्येच विचारलं. "नक्की?"

"मी चिखलात सोबत होते मॅडम."

"मग?"

"कारण मला नाही कळलं. ते रखमामावशींमुळे कळलं. त्या औषध घालत होत्या आणि मी बघत होते. एक पंप, एक झाकण. दुसरा पंप, एक झाकण. झाकण वीस मिलीचं. मी पंप उलटा करून बघितला तर खाली सोळा लिटर लिहिलेलं."

सौमित्रला काही कळलं नव्हतं आणि मला सगळं कळलं होतं. पूर्वी शेतकरी पाठीवर जे पंप घ्यायचे ते लहान असत. हल्ली बॅटरीचे सोळा लिटरचे, अठरा लिटरचे पंप आले. पण सगळ्या पत्रकांत माप अजून दहा लिटरचं. ऐकणारा मात्र 'दहा लिटर' म्हणजे 'एक पंप' असंच धरतो. सोळा लिटर पाण्यात बत्तीस मिली पडायला हवं, तिथे पडतं वीसच. तेवढ्याने किडीला गुदगुल्या होतात.

"पत्रकात काही चूक नाही," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. आमचंही पत्रक तसंच होतं.

"नाहीच मॅडम, पत्रक बरोबरच आहे. मी पण बरोबरच सांगितलं होतं. पण समोरच्याकडे पंप किती लिटरचा आहे ते मी विचारलं नाही. म्हणून मी चूक लिहिलं."

"आणि दुरुस्त कशी केली?"

"प्लॅस्टिकचं छोटं माप मिळतं, त्याच्यावर बत्तीस मिलीला नेलपॉलिशची रेघ मारली. ज्याचा पंप अठराचा त्याला छत्तीसवर. घरोघर पंप बघून ती मापं वाटली. दुसऱ्या वर्षी लागलं."

"हे सगळं ठीक आहे," सौमित्र म्हणाला, "पण याला पुरावा काय? रेफरन्समध्ये तू प्रोफेसर द्यायचेस. इथे एकच नाव आहे, रखमा... हे कोण?"

"त्याच मावशी सर. मी प्रोफेसरांचं देणार होते. पण ह्या प्रकल्पाचं त्यांना काय माहीत? मावशींनी बघितलंय."

शेतकऱ्याला रेफरन्स म्हणून दिलेलं मी माझ्या सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं. फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. सौमित्रने कपाळाला हात लावला.

चार-पाच रिंगनंतर एक दणदणीत आवाज आला. "कोण?"

मी ओळख सांगितली. दीपिका गमरेबद्दल विचारायचंय म्हटलं.

"दीपी? काय केलान तिनं?"

"काही केलं नाही. आम्ही तिला नोकरीवर घ्यायचा विचार करतोय. कशी आहे?"

"मंग घ्या की! इचारताय काय? पयल्या वर्साला तिचं आउषद लागलं नाय, म्या तिला लय बोल्ले. पोर रडली पन पळाली नाय. दुसऱ्या दिशी परत बांधावर हजर." मग आवाज आणखी चढला. "अवो, तुमी कंच्या कंपनीच्या म्हनालात?"

मी पुन्हा नाव सांगितलं.

"मंग आदी माझं ऐका. तुमचंच आउषद मारलं औंदा सगल्या वाडीनं. कुनालाच लागलं नाय. माझं लागलं."

मी फोनच्या जवळ सरकले. "तुमचं कसं लागलं?"

"माझ्याकडं पोरीची वाटी हाये ना! लाल रेघवाली. ती रेघ भरून घातलं. बाकीच्यांच्या वाट्या पोरांनी खेलून हरवल्या, ते झाकनानं घालतात."

मला वाटलं दीपिका खूश होईल. तिचा तर चेहराच उतरला. खुर्चीतून अर्धवट उठून ती फोनवर वाकली.

"मावशी, दीपिका बोलतेय. तुम्ही त्याच वाटीने दुसरं औषध घातलंत? मला विचारायचं ना! प्रत्येक औषधाचं माप वेगळं असतं. ह्याचं तेवढंच होतं म्हणून वाचलात. जास्त पडलं असतं तर? हातमोजे तरी घातले होते का?"

"घातले गं बाय. तू हायेस काय तिथं? जेवलीस?"

"जेवते नंतर. वाटीवर औषधाचं नाव लिहून ठेवा. आणि दुसरं काही घालायचं असेल तर आधी फोन करा मला."

"नोकरी लागली तर फोन उचलशील ना?"

"उचलीन."

फोन ठेवला. मी उठले आणि आमच्या स्टोअरमध्ये गेले. तिथे कृषी प्रदर्शनात मांडायचा एक फवारणी पंप पडून होता. मी तो ओढून आणला, मीटिंगच्या टेबलावर आडवा केला. सौमित्रने घाईघाईने आपला लॅपटॉप उचलला. पंपाच्या तळाशी प्लॅस्टिकमध्येच उठवलेलं होतं, सोळा लिटर. शेजारी आमचं पत्रक ठेवलं. रंगीत, गुळगुळीत, वर हसरा शेतकरी. त्याच्या पाठीवर हाच पंप होता. आणि त्याच्या छातीवर छापलं होतं, दहा लिटर पाण्यात वीस मिली.

तो पंप आमच्या स्टोअरमध्ये आणि ते पत्रक माझ्या ड्रॉवरमध्ये, दोन्हींमध्ये एका भिंतीचं अंतर. मी दोन महिने लोकांच्या फवारायच्या पद्धतीवर तोंडसुख घेत होते. मला स्वतःचीच चीड आली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. निदान इलाज सापडला होता, आणि तोही स्वस्तातला.

"म्हणजे सगळ्या तक्रारींचं कारण हेच?" सौमित्रने विचारलं. त्याचा सूर आता बदलला होता. "मॅडम, हे तर आजच वर कळवू या. नवीन पत्रक, प्रत्येक बाटलीबरोबर वाटी. डन!"

"नको सर," दीपिका म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. नोकरी अजून मिळालेली नाही, आणि ही बाई एचआरला नको म्हणतेय.

"म्हणजे, माप नीट सांगायला आजपासूनच सांगा. पण कारण हेच आहे असं एका मावशींच्या शेतावरून नाही म्हणता येणार. त्यांचं खाचर उंचावर आहे, पाणी निघून जातं, तुडतुडे तसेही कमी असतील. खताचापण फरक असेल." बोलता बोलता तिने माझ्यासमोरचं पॅड ओढून घेतलं आणि चौकोन काढायला लागली. "उन्हाळी भात आहे तिथे, कालव्याच्या पाण्यावर. जानेवारीत लावणी. तीन गावं घ्यायची. प्रत्येक गावात काही शेतकरी वाटीने घालतील, काही नेहमीसारखे झाकणाने. एकाच वाणात, एकाच वेळेला. फवारणीच्या आधी आणि नंतर रोपांच्या एकेका चुडात तुडतुडे मोजायचे. कुठे वाढायला लागले तर लगेच सगळ्यांना पुरं माप द्यायचं, पीक नाही जाऊ द्यायचं. मग कळेल."

तिचं लक्ष गेलं की आपण मॅडमच्या पॅडवर मॅडमच्या पेनाने लिहितोय. तिने पेन खाली ठेवलं. "सॉरी मॅडम."

"लिही, लिही," मी म्हटलं. "किती शेतकरी घेशील?"

सौमित्र काही वेळ तिचे चौकोन बघत राहिला. मग त्याने त्याचा शेवटचा मुद्दा काढला, आणि तो मुद्दा प्रामाणिक होता, हे मी मान्य करते. "दीपिका, एक सांग. तिथे रूम घेऊन राहावं लागेल. स्कूटरवरून गावोगाव. घरची शेती नाही, मुंबईत वाढलीस. लोक पुन्हा बोलतील, शहरातून आली म्हणून. का करायचंय तुला हे?"

तिने टेबलावरच्या पंपाकडे बघितलं. "आजी माझी दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची सर, लहानपणी. मग लग्न होऊन इकडे गिरणीवाल्यांत आली. ती अजून सांगते, रोप कुठलं जगणार ते हातात घेतल्यावर कळतं. पण तिला कुणी कधी विचारलं नाही. मालक सांगायचा तिथे ती लावायची. मला ते विचारायचंय. लोकांना. मला ते काम आवडतं सर, अजून काय सांगू?"

सौमित्रने रेझ्युमे पुन्हा समोर घेतला. खिशातलं पेन काढलं. मला वाटलं 'सल्ला चुकला' ही ओळ खोडतो की काय. मी हात पुढे केलाच होता. त्याने फक्त पाच फूट दोन इंच खोडलं.

"हे फाइलमध्ये बरं दिसत नाही," तो म्हणाला. "बाकी राहू दे."

ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला कळलं नव्हतं.

"अगं, झालं," मी म्हटलं. "वरची सही संध्याकाळपर्यंत होईल, ती मी घेते, माझ्यावर सोड. जानेवारीच्या लावणीला तू तिथे हवीस. ते तीन गावांचं तूच बघायचं. आणि नवीन पत्रकाची पहिली ओळ आत्ताच लिहून जा."

तिने पुन्हा पेन उचललं आणि लिहिलं, तुमचा पंप किती लिटरचा आहे? मग तिचे डोळे भरून आले आणि तिने विचारलं, "मॅडम, घरी एक फोन करू?"

"इथेच कर. आम्ही काही ऐकत नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघेही कान टवकारून बसलो.

पप्पा कामावर असणार, म्हणून तिने घरच्या फोनवर लावला. पलीकडे आजी होती, मीराबाई. आजीला कमी ऐकू येत असावं, कारण दीपिका ओरडून बोलत होती आणि आजी त्याहून मोठ्याने. स्पीकर लावायची गरजच पडली नाही.

"आजी, मला लागली नोकरी! माणगावला! शेतावर जायचंय!"

मग आजीने विचारलं, "कुणाच्या?"

मला त्या एका शब्दाने गलबलून आलं. त्या बाईच्या आयुष्यात शेतावर जाणं म्हणजे कुणाच्या तरी शेतावर जाणं होतं. दीपिकाने ओढणीने नाक पुसलं.

"सगळ्यांच्या, आजी. लावायला नाही गं. सांगायला."

"सांगायला?" आजी पुटपुटली. मागे चाळीतला कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. मग आजीचा आवाज आला, आणि आता तो ओरडल्यासारखा नव्हता.

"मग बांधावरनं सांगू नको हां दीपे. बूट काढ, आत उतर, आणि मग सांग."

"हो आजी," दीपिका म्हणाली.